मृत्युपत्राला जोडलेला कागद: छोट्या बदलाला कोडिसिल कधी लागते?

रतन टाटा यांनी आपले मृत्युपत्र 23 फेब्रुवारी 2022 रोजी केले. त्यानंतर त्यांनी त्याला चार कोडिसिल म्हणजे पुरवणी मृत्युपत्रे जोडली. त्यांतले शेवटचे 22 डिसेंबर 2023 चे आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांचे निधन झाले आणि मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या एक्झिक्युटरना मुंबई उच्च न्यायालयाला एक प्रश्न विचारावा लागला. ज्या समभागांचा मृत्युपत्रात स्वतंत्र उल्लेख नाही, ते शेवटच्या कोडिसिलमुळे नेमके कोणाकडे जातात? ‘उर्वरित मालमत्ता’ ज्या व्यक्तींना दिली होती त्यांच्याकडे, की टाटांनी स्थापन केलेल्या दोन धर्मादाय संस्थांकडे? जून 2025 मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की हे समभाग दोन्ही संस्थांना समसमान मिळतील.

नामांकित वकील दिमतीला असलेल्या माणसाच्या कागदपत्रांतही हा प्रश्न उभा राहिला, याचे कारण समजण्यासारखे आहे. कोडिसिल एकटे वाचता येत नाही. मूळ मृत्युपत्रातले कोणते वाक्य गेले, कोणते राहिले आणि राहिलेल्या वाक्याचा अर्थ नव्या वाक्यामुळे किती बदलला, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून ठरवावे लागते. चार कोडिसिल असतील तर पाच कागद शेजारी ठेवावे लागतात. तेव्हा छोटा बदल करायचा असताना पहिला प्रश्न हा, की हा बदल कागदावर आणायलाच हवा का. आणि हवा असेल तर तो कोणत्या कागदावर.

भारतीय वारसा कायदा, 1925 याच्या दुसऱ्या कलमात कोडिसिलची व्याख्या आहे. मृत्युपत्राच्या संदर्भात केलेला, त्यातल्या तरतुदींचा खुलासा करणारा, त्यांत बदल करणारा किंवा भर घालणारा दस्त म्हणजे कोडिसिल, आणि तो मृत्युपत्राचाच भाग मानला जातो. या शेवटच्या भागातून पुढचे सगळे निघते. मृत्युपत्राचा भाग असल्यामुळे त्याला मृत्युपत्राचेच सगळे नियम लागू होतात. कलम 63 प्रमाणे करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा. किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येक साक्षीदाराने ती सही होताना पाहिलेली असावी, किंवा ‘ही सही माझीच’ असे करणाऱ्याने त्याला स्वतः सांगितलेले असावे. प्रत्येक साक्षीदाराने सही करायची ती करणाऱ्याच्या समक्ष. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे मात्र नाही. बदल एका शब्दाचा असो वा एका बंगल्याचा, कायदा यातली एकही पायरी गाळू देत नाही.

घरोघरी नेमकी साक्षीदारांची पायरी गाळली जाते. कपाटातून मृत्युपत्र काढले जाते, पेनने एक नाव खोडले जाते, वर दुसरे लिहिले जाते, शेजारी छोटी सही केली जाते आणि कागद पुन्हा पाकिटात जातो. करणाऱ्याला वाटते, काम झाले. कलम 71 सांगते की झालेले नाही. मृत्युपत्र पूर्ण झाल्यावर केलेली खाडाखोड किंवा ओळींमधली भर करणाऱ्याच्या आणि साक्षीदारांच्या सह्यांशिवाय परिणामशून्य असते. खोडलेले नाव वाचता येत असेल तर तेच कायम राहते आणि वर लिहिलेले नाव नसल्यासारखे धरले जाते.

याच कलमातला अपवाद तर अधिक घातक आहे. जुना मजकूर वाचताच येणार नाही इतका गडद खोडला असेल, तर तेवढा मजकूर खरोखरच गेला. पण त्याच्या जागी लिहिलेला नवा मजकूर साक्षांकनाशिवाय तरीही आत येत नाही. समजा, ‘माझे सोन्याचे दागिने माझी बहीण हिला’ यातले ‘बहीण’ काळे करून वर ‘भाची’ लिहिले. बहिणीचे गेले आणि भाचीला मिळाले नाही, अशी स्थिती येऊ शकते. मग ते दागिने उर्वरित मालमत्तेत जातात. करणाऱ्या बाईंना यातले काहीच नको होते.

कलम 71 ने एक सरळ वाटही ठेवली आहे. दुरुस्तीजवळ समासात करणाऱ्याची आणि दोन्ही साक्षीदारांची सही घेतली, किंवा कागदाच्या शेवटी त्या दुरुस्तीची नोंद लिहून तिच्याखाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या, तर ती चालते. कागद टाइप होऊन समोर आला, सह्या व्हायच्या आहेत आणि तेवढ्यात गट नंबरातली चूक दिसली, अशा वेळी ही वाट सोयीची. पाच वर्षांनी मात्र ती टाळलेली बरी. मूळ दस्तावरची प्रत्येक खूण ही पुढे ‘कधी केली, कोणी केली’ या वादाची जागा असते. वेगळ्या कागदावर, वेगळ्या तारखेने केलेले कोडिसिल हा वाद निर्माणच होऊ देत नाही.

आता एक गृहीत उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने 2016 साली मृत्युपत्र केले. कोथरूडचा फ्लॅट मुलीला, सातारा जिल्ह्यातली स्वतः खरेदी केलेली शेतजमीन मुलाला, एका सहकारी बँकेतली अमुक पावती क्रमांकाची मुदत ठेव धाकट्या बहिणीला, पुतणीला पाच लाख रुपये, आणि बाकी जे उरेल ते मुलगा-मुलगी दोघांना निम्मे. एक्झिक्युटर म्हणून थोरला भाऊ. आठ वर्षांत काय काय बदलले? मुलीचे लग्न होऊन नाव आणि आडनाव दोन्ही बदलले. भाऊ वारले. त्या बँकेतली ठेव मुदत संपल्यावर त्यांनी दुसऱ्या बँकेत ठेवली. पुतणीला पाचऐवजी आठ लाख द्यावेत असे त्यांना वाटू लागले. आणि सोसायटी पुनर्विकासाला गेली.

मुलीचे नाव ही यातली सर्वांत निरुपद्रवी बाब. कलम 76 म्हणते, की ज्याला द्यायचे ती व्यक्ती कोण हे शब्दांवरून पुरेसे कळत असेल, तर नावातल्या किंवा वर्णनातल्या चुकीमुळे देणगी बुडत नाही. ‘माझी मुलगी’ असे लिहिले आहे आणि मुलगी एकच आहे. विवाहाचे प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नोंद दाखवली की ओळख पटते. त्यासाठीच म्हणून कोडिसिल करायची गरज नाही. दुसऱ्या कारणाने करायचे झालेच, तर त्यात ‘पूर्वाश्रमीची अमुक, आताची तमुक’ असे एक वाक्य घालावे. फ्लॅट मुलीच्या नावावर करताना सोसायटीत आणि इतर कार्यालयांत तिचे हेलपाटे वाचतील.

भावाचे जाणे गंभीर वाटते, पण त्याने मृत्युपत्र निकामी होत नाही. एक्झिक्युटर हयात नसेल तर न्यायालय मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्र देऊ शकते, आणि ते ज्याला मिळेल तो माणूस व्यवस्था पाहतो. तरीही दुसऱ्या माणसाची नेमणूक कोडिसिलने करून टाकावी, कारण अर्ज कोणी करायचा यावरूनच भावंडांत पहिली ठिणगी पडते. नवी नेमणूक करताना ‘तो नसल्यास अमुक’ असा पर्यायही त्याच वाक्यात लिहावा.

ठेवीची गोष्ट वेगळी. इथे बाईंच्या लक्षातही आले नाही की काही बदलले आहे. पैसे तेच, फक्त बँक दुसरी. पण त्यांनी ‘अमुक बँकेतली, अमुक क्रमांकाची’ ठेव दिली होती. कलम 152 प्रमाणे, विशिष्ट म्हणून दिलेली वस्तू मृत्यूच्या वेळी करणाऱ्याच्या मालकीची नसेल किंवा तिचे दुसऱ्या प्रकारच्या मालमत्तेत रूपांतर झाले असेल, तर ती देणगी संपते. ती ठेव आता अस्तित्वात नाही. बहिणीच्या हाती बहुधा काहीच येणार नाही आणि नव्या बँकेतले पैसे मुलगा-मुलगी यांच्या वाट्याला जातील. त्यांनी 2016 मध्येच ‘मृत्यूच्या वेळी माझ्या नावावर कोणत्याही बँकेत असलेल्या मुदत ठेवी’ असे लिहिले असते, तर कलम 90 मदतीला आले असते. उलट हेतू दिसत नसेल तर वर्णन हे मृत्यूच्या वेळच्या मालमत्तेला लागू होते. म्हणजे मोघम वर्णनाला बदल सोसतो, नेमक्या क्रमांकाला सोसत नाही. मृत्युपत्रात जिथे जिथे पावती क्रमांक, लॉकर क्रमांक, डिमॅट खाते क्रमांक आहे, तिथे तिथे मधल्या काळातला व्यवहार तपासून पाहावा लागतो. कोडिसिलची खरी निकड या जागांवर असते, आणि घरच्यांचे लक्ष मात्र नावांच्या स्पेलिंगवर असते.

पुतणीच्या रकमेत तर एक सापळा आहे. बाईंनी कोडिसिलमध्ये साध्या भाषेत लिहिले, ‘माझ्या पुतणीला आठ लाख रुपये द्यावेत.’ सह्या बरोबर, साक्षीदार बरोबर. पुतणीला मिळतील किती? कलम 101 चा नियम असा, की एकाच व्यक्तीला मृत्युपत्राने एक रक्कम आणि कोडिसिलने दुसरी रक्कम दिली असेल, तर उलट हेतू दिसत नसल्यास तिला दोन्ही मिळतात. म्हणजे तेरा लाख. कायद्यातल्या उदाहरणात तर दोन्हीकडे पाच पाच हजार दिलेले आहेत आणि निष्कर्ष दहा हजारांचा आहे. एकाच मृत्युपत्रात तीच रक्कम दोनदा आली तर ती एकच धरली जाते. वेगवेगळ्या दस्तांत आली की बेरीज होते. म्हणून कोडिसिलमध्ये नुसते नवे वाक्य कधीच लिहू नये. ‘दिनांक अमुकच्या माझ्या मृत्युपत्रातील परिच्छेद 6 मधील पाच लाख रुपयांची तरतूद मी रद्द करते आणि तिच्याऐवजी आठ लाख रुपये देते’ असे लिहावे. आधी रद्द, मग नवे.

पुनर्विकासाचा प्रश्न पुण्या-मुंबईत आज घराघरांत आहे. मृत्युपत्रात जुनी इमारत, जुना मजला, जुने क्षेत्रफळ. आता इमारत पाडली, करार झाला, बाई भाड्याच्या घरात आहेत आणि नवा फ्लॅट तीन वर्षांनी मिळायचा आहे. या मधल्या काळात त्या गेल्या तर मुलीला काय मिळणार? ‘जुना फ्लॅट अस्तित्वातच नाही, देणगी संपली, आता जे आहे ते दोघांचे’ असा युक्तिवाद मुलाचा वकील करू शकतो. ‘नवा फ्लॅट हा जुन्याच हक्काचा पुढचा आकार आहे’ असा मुलीचा. निकाल मृत्युपत्रातल्या शब्दांवर आणि विकासकाशी झालेल्या करारावर ठरेल, आणि त्याला वर्षे लागतील. विकास करारावर सही करण्याच्या सुमारासच चार ओळींचे कोडिसिल केले तर हा प्रश्न उरत नाही: सदर सदनिका, तिच्या बदल्यात मिळणारी नवी सदनिका, ती मिळेपर्यंतचे भाडे, कॉर्पसची रक्कम आणि करारातले माझे सर्व हक्क मुलीला. वाढीव क्षेत्रासाठी बाईंनी पदरचे पैसे भरले असतील तर तेही कोणाच्या हिश्शाचे, हे त्याच जागी लिहावे. मृत्युपत्र केलेल्या आणि पुनर्विकासात गेलेल्या प्रत्येकाने हे करायला हवे, असे ठामपणे म्हणता येईल.

या शिक्षिकेचे कोडिसिल मग कसे दिसेल? फार तर दीड पान. वर ‘दिनांक अमुक रोजी केलेल्या माझ्या मृत्युपत्राचे पहिले कोडिसिल’ असा मथळा. मृत्युपत्राची तारीख, नोंदणी झाली असल्यास दुय्यम निबंधक कार्यालयाचे नाव आणि दस्त क्रमांक. मग क्रमाने चार बदल: एक्झिक्युटर, ठेव, पुतणीची रक्कम, फ्लॅट. प्रत्येक बदलात मूळ परिच्छेदाचा क्रमांक. शेवटी ‘या कोडिसिलने बदललेल्या भागाव्यतिरिक्त माझे मृत्युपत्र कायम आहे’ हे वाक्य. तारीख, ठिकाण, प्रत्येक पानावर सही आणि शेवटी दोन साक्षीदारांच्या सह्या, नावे, पत्ते.

तारखेचे महत्त्व थोडे उलगडून सांगायला हवे. बाईंनी 2011 मध्येही एक मृत्युपत्र केले होते आणि 2016 च्या मृत्युपत्राने ते रद्द झाले होते, असे समजा. घाईत कोडिसिलवर ‘2011 चे माझे मृत्युपत्र कायम आहे’ असे टाइप झाले. कलम 73 प्रमाणे रद्द झालेले मृत्युपत्र कोडिसिलने पुन्हा जिवंत करता येते, मात्र त्या कोडिसिलमधून तसा हेतू दिसला पाहिजे. तारखेची चूक म्हणजे हेतू नव्हे, असे न्यायालयाला पटवून देता येईल. पण ज्याला 2011 च्या कागदात जास्त मिळत होते, त्याला भांडायला एक आयता धागा मिळाला.

साक्षीदार मूळ मृत्युपत्राचेच असावेत असा कोणताही नियम नाही. निवडताना वयाचा विचार जास्त महत्त्वाचा आहे, कारण भारतीय साक्ष अधिनियम, 2023 याच्या कलम 67 प्रमाणे मृत्युपत्र शाबित करायला किमान एक साक्षीदार, तो हयात असेल आणि साक्ष देऊ शकत असेल तर, न्यायालयात बोलवावाच लागतो. हेच कोडिसिललाही लागू. ऐंशीच्या घरातले दोन मित्र साक्षीदार म्हणून घेणे प्रेमाचे असले तरी व्यवहाराचे नाही. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करावे का? ख्रिस्ती आणि पारशी यांना लागू असलेल्या वारसा कायद्याच्या कलम 67 प्रमाणे साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगीच रद्द होते. नुसते मृत्युपत्र कायम करणाऱ्या कोडिसिलवर सही केली म्हणून मूळ देणगी जात नाही, एवढी सवलत त्यात आहे. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना वारसा कायद्याचे हे कलम लागू नाही. पण लाभ घेणाराच साक्षीदार असेल तर संशय येतोच, आणि संशयास्पद परिस्थितीचा खुलासा मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यानेच करायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये वेंकटाचल अय्यंगार खटल्यात स्पष्ट केले आहे. उतारवयात, आजारपणात, एकाच वारसाच्या घरी राहत असताना केलेले कोडिसिल याच कसोटीवर घासले जाते. त्या दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचे नाही, तरी अशा वेळी ते घ्यावे. मूळ मृत्युपत्र सुदृढ वयात केलेले असेल आणि कोडिसिल टिकले नाही, तर कोडिसिल तेवढे बाजूला पडते. मृत्युपत्र आपल्या मूळ रूपात उभे राहते.

नोंदणीबद्दल बराच गैरसमज आहे. मृत्युपत्राची नोंदणी नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 18 खाली ऐच्छिक आहे, आणि कोडिसिलचीही तशीच. नोंदवलेल्या मृत्युपत्रात न नोंदवलेल्या कोडिसिलने बदल करता येतो. तरीही मूळ दस्त नोंदवलेला असेल तर कोडिसिलही नोंदवावे, कारण मृत्यूनंतर शोध घेणारा माणूस निबंधक कार्यालयातून मृत्युपत्राची नक्कल काढतो आणि घरातल्या पाकिटातल्या दुसऱ्या कागदाची त्याला कल्पनाही नसते.

आणखी एक गोष्ट लोक कोडिसिलऐवजी करून बसतात: बँकेत, डिमॅट खात्यात नामनिर्देशन बदलतात. ‘नॉमिनी बदलला, आता ते त्याचे’ ही समजूत चुकीची आहे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगांवकर यांच्या मालमत्तेवरून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. समभाग आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनी हा मालक ठरत नाही, वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ज्याचा हक्क असेल त्यालाच ते जातात, असे न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये त्यात सांगितले. म्हणून बहिणीला नॉमिनी केल्याने वरच्या उदाहरणातली ठेव वाचत नाही. कोडिसिल करावे आणि नामनिर्देशनही त्याच्याशी जुळते करून घ्यावे.

कोडिसिल कुठे पुरत नाही? दोन वारसांच्या वाटण्यांची अदलाबदल होत असेल, घटस्फोट किंवा पुनर्विवाहाने कुटुंबाची रचनाच बदलली असेल, मोठी मालमत्ता विकून तिसरीच घेतली असेल, तर नवे मृत्युपत्र करावे आणि त्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व कोडिसिल रद्द’ असे लिहावे. एखाद्याचे नाव वगळायचे असेल तेव्हाही हाच मार्ग माणुसकीचा आहे. कोडिसिल मृत्युपत्रासोबतच वाचले जाते. त्यामुळे ‘आधी दिले होते, मग काढून घेतले’ हे त्या माणसाला सगळ्यांसमोर वाचावे लागते. आणि दोन कोडिसिल झाल्यावर तिसरे करण्याची वेळ आली, तर सगळे एकत्र करून नव्याने लिहून काढावे. सगळ्या परिच्छेदांचा मेळ घालण्याचे काम तेव्हा करणारा स्वतः करू शकतो. नंतर ते न्यायाधीशाला करावे लागते.

हे सगळे वारसा कायद्याच्या चौकटीतले. मुस्लिम व्यक्तीच्या मृत्युपत्राला मुस्लिम व्यक्तिगत कायद्याचे नियम लागतात. गोव्यात 2012 चा स्वतंत्र उत्तराधिकार कायदा आहे. तिथे मृत्युपत्राचे काम विशेष नोटरीमार्फत चालते आणि जवळच्या वारसांचा हिस्सा कायद्यानेच राखून ठेवलेला असतो. मुंबईत राहून म्हापशाच्या घराबद्दल कोडिसिल लिहिणाऱ्या गोंयकाराने दोन साक्षीदारांच्या कागदावर विसंबू नये, तिथल्या विशेष नोटरीला आधी विचारावे.

कोडिसिल उशिरा सापडले तर? कलम 225 ने त्याचीही सोय केली आहे. मृत्युपत्राचे प्रोबेट मिळाल्यानंतर कोडिसिल हाती लागले आणि त्याने एक्झिक्युटर बदललेला नसेल, तर त्या कोडिसिलचे स्वतंत्र प्रोबेट मिळू शकते. एक्झिक्युटर बदललेला असेल, तर आधीचे प्रोबेट रद्द होऊन दोन्ही दस्तांचे मिळून नवे द्यावे लागते. तोवर जुन्या एक्झिक्युटरने ठेवी मोडून वाटप केलेले असेल, तर ते परत गोळा करणे हा निराळाच खटला होतो. म्हणून मूळ मृत्युपत्र आणि मूळ कोडिसिल एकाच पाकिटात असावे, पाकिटावर आत किती दस्त आहेत हे लिहिलेले असावे, आणि नव्या एक्झिक्युटरला त्यांच्या झेरॉक्स प्रती दिलेल्या असाव्यात. मूळ मृत्युपत्राची शिवण किंवा स्टेपल काढून त्यात कोडिसिल घुसवू नये; सुटलेल्या पिनेची भोके पाहून पान बदलल्याचा आरोप होतो. ते मागे वेगळे ठेवावे, स्वतःच्या पानक्रमांकांसह.